खंड्याचा क्रॉप आणि बारा बाय आठची प्रिंट

पाण्यावर झुकलेल्या वाळक्या फांदीवर बसलेला खंड्या मला मिळाला खरा, पण फार लांबून. फ्रेममध्ये पक्षी एवढासा, बाकी सगळं पाणी आणि झुडपं. भावाला तो फोटो भिंतीवर लावायला बारा बाय आठ इंचांत हवा होता. "ताई, नुसता पक्षी दिसू दे, पाणी नको," एवढीच त्याची अट. म्हणून पक्ष्याभोवती घट्ट क्रॉप केला आणि उरलं किती याचा हिशेब मांडायला बसले.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे मूळ फाइल ६००० बाय ४०००. क्रॉपची रुंदी मूळच्या ३५ टक्के होती. तेव्हा २४ पैकी आठेक मेगापिक्सेल उरले असतील, असं मी धरून चालले. ते चुकीचं होतं. रुंदीबरोबर उंचीही ३५ टक्क्यांवर आली होती. हाती राहिले २१०० बाय १४००, म्हणजे जेमतेम तीन मेगापिक्सेल, मूळच्या साधारण आठव्या हिश्श्याएवढे. प्रिंटचा विचार करताना मी आता मेगापिक्सेल धरत नाही, फक्त लांब बाजूचे पिक्सेल बघते.

त्यांना प्रिंटच्या इंचांनी भागायचं. २१०० भागिले १२, म्हणजे इंचाला १७५ पिक्सेल. फाइलच्या माहितीत मात्र ३०० लिहिलेलं होतं आणि क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. पण तो आकडा म्हणजे फाइलवर चिकटवलेली नोंद. क्रॉप केल्यावरही तो तसाच राहतो. फोटोशॉपच्या Image Size मध्ये Resample ची खूण काढून टाकली आणि रुंदी १२ इंच टाकली, तेव्हा तिथेही १७५ च आलं. खूण ठेवून ३०० टाइप केलं असतं तर फाइल ३६०० बाय २४०० झाली असती. मधले पिक्सेल आजूबाजूच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरले गेले असते, पण पिसांचा एकही खरा तंतू वाढला नसता.

मग १७५ पुरतात का? हे प्रिंट किती अंतरावरून बघायची त्यावर ठरतं. चांगली नजर ढोबळमानाने अंतराच्या ३,४०० व्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखते. हातात धरून, तीस सेंटिमीटरवरून बघितलं तर इंचाला तीनशेच्या आसपास पिक्सेल लागतात. प्रसिद्ध ३०० चा आकडा या अंतरासाठी ठीक बसतो. माझ्या प्रिंटमध्ये एक पिक्सेल ०.१४५ मिलिमीटरचा होणार होता, आणि तो अर्ध्या मीटरवर नजरेच्या मर्यादेत येतो. भावाची भिंत बसायच्या जागेपासून मीटरभर लांब. म्हणजे आकडेमोडीत प्रिंट पास.

तरीही मन मानेना, म्हणून फोटो स्क्रीनवर १०० टक्क्यांवर उघडला. चोचीची कड एका पिक्सेलवर तुटत नव्हती, ती तीन पिक्सेलांत विरघळत होती. शटर थोडं संथ पडलं होतं. अख्खी फ्रेम बारा इंचांत छापली असती तर इंचाला ५०० पिक्सेल आले असते आणि ही कड ०.१५ मिलिमीटरची झाली असती, कुणाला दिसली नसती. क्रॉपमुळे तीच कड ०.४४ मिलिमीटर होणार होती. मीटरभरावरून ०.३ मिलिमीटरपर्यंतचा फरक कळतो, तेव्हा ही कड मऊच दिसणार. मोजलेले पिक्सेल पुरेसे होते, पण त्यांच्यात तेवढा तपशील भरलेला नव्हता. मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण भागाकारात तो कुठेच दिसत नाही.

नशिबाने तेव्हा सलग पाच-सहा फ्रेम घेतल्या होत्या. एकेक १०० टक्क्यांवर तपासली. चौथीत पक्ष्याची मान किंचित वळलेली, पण चोचीची कड दीड पिक्सेलात संपत होती. प्रिंटमध्ये ती ०.२२ मिलिमीटर. तीच निवडली आणि तेवढाच क्रॉप केला.

पूर्ण प्रिंट काढायच्या आधी एक तुकडा छापून पाहिला. क्रॉपमधून डोळा आणि चोच येईल असा १०५० बाय ७०० पिक्सेलांचा भाग कापला आणि सहा बाय चार इंचांच्या कागदावर छापला. १०५० भागिले ६ म्हणजे पुन्हा १७५, त्यामुळे मोठ्या प्रिंटमध्ये हा भाग जसा दिसणार नेमका तसाच इथे दिसतो. पहिल्या फ्रेममधलाही तेवढाच तुकडा छापला. दोन्ही भिंतीला चिकटवून भावाला मीटरभर मागे उभं केलं. त्याने न सांगता चौथ्या फ्रेमकडे बोट दाखवलं. जवळ जाऊन बघितल्यावर छातीच्या पिसांत थोडी रवाळ खरखर दिसत होती, कारण क्रॉपने नॉइजही तितकाच मोठा केला होता. मागे सरकल्यावर ती दिसेनाशी झाली.

बारा बाय आठ मॅट कागदावर काढली. भावाला टेबलावर ठेवायलाही एक हवी होती. ती जवळून बघितली जाणार म्हणून सात बाय पाचच्या वर गेले नाही. त्या प्रमाणात बसवताना रुंदी १९६० पिक्सेलांवर आली, पण इंचाला २८० मिळाले. हातात घेऊन बघितली तरी खंड्याच्या डोळ्यातला प्रकाशाचा ठिपका स्पष्ट दिसतो.