श्वास मोजतेय हे सांगायचं नाही

नर्सिंगच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिही म्हणून ग्रुपवर मेसेज आला तेव्हाच ठरवलं की हॉस्टेल, मेसची आमटी, कॅपिंगच्या दिवशीची रडारड यावर लिहायचं नाही, ते आमच्या बॅचमधलं कोणीतरी लिहिणारच आणि माझ्यापेक्षा छान लिहिणार. मी लिहिते त्या कागदाबद्दल. फर्स्ट इयरला पहिल्या वॉर्ड पोस्टिंगच्या आधी मॅडमनी आम्हाला दिला होता तो, एका बाजूला झेरॉक्स केलेला, चार घड्या घातल्या की अ‍ॅप्रनच्या खिशात बसायचा. फंडामेंटल्सच्या पुस्तकातला अ‍ॅसेसमेंटचा तो जाडजूड चॅप्टर मॅडमनी एका पानात बसवला होता, आणि तोही मराठीत, कारण आमच्यातल्या अर्ध्याअधिक मुली डिचोली, पेडणे, सत्तरीकडच्या मराठी शाळांतून आलेल्या, इंग्लिश वाचायचो पण पेशंटसमोर उभं राहिलं की ते इंग्लिश कुठे जायचं कोण जाणे.

त्या कागदाची खरी गंमत क्रमात होती. पुस्तकात डोक्यापासून पायापर्यंत सगळं आहे, पण खाटेपाशी गेल्यावर हात आधी कुठे घालायचा ते नाही. मॅडमची पहिली ओळ होती, दारातून बघ. म्हणजे कसा बसलाय, सरळ की पुढे वाकून, रंग कसा आहे, चेहरा घामट आहे का. मग नाव पेशंटकडूनच विचारून घे आणि हातातल्या पट्टीवरचा आयपी नंबर बघ, बेड नंबरवर विश्वास ठेवू नको, कारण बेड रात्रीत बदलतात. मग बोलतं कर, नीट जागा आहे का, बोलण्यात गोंधळ आहे का, आणि एका श्वासात पूर्ण वाक्य बोलू शकतो का. चौथी ओळ, हात धर, नाडी मोज, आणि हात न सोडता न सांगता श्वास मोज. त्याच्या खाली बीपी, टेंपरेचर, सॅच्युरेशन, दुखतंय किती, मग सगळ्या नळ्या शरीरापासून सुरू करून पिशवीपर्यंत डोळ्यांनी फिरायच्या, आणि शेवटी लिहून झाल्याशिवाय पुढच्या बेडवर जायचं नाही.

बाकीच्या ओळींवर मॅडम फार बोलायच्या नाहीत. चौथ्या ओळीवर मात्र आम्हाला अक्षरशः पिळून काढलं.

न सांगता का, तर श्वास ही एकच गोष्ट अशी आहे जी पेशंट स्वतःच्या मर्जीने बदलू शकतो. नाडी कोणी ठरवून हळू करू शकत नाही, पण "काका, श्वास मोजते हं" म्हटलं की काका लगेच छाती फुगवून लांब लांब श्वास घ्यायला लागतात, काही तर चक्क रोखूनच धरतात. म्हणून पेशंटचा हात त्याच्याच छातीवर किंवा पोटावर आडवा ठेवायचा, आपली बोटं मनगटावर, अर्धा मिनिट नाडी मोजायची (ठोके अनियमित लागले तर पूर्ण मिनिट), आणि मग बोटं तशीच ठेवून नजर फक्त हाताच्या वरखाली होण्याकडे न्यायची. वर गेला आणि खाली आला, तो एक. पूर्ण ६० सेकंद. पेशंटला वाटतं नाडीच चाललीये. आमच्या वेळी एक आजी विचारायची, "बाय, कितें मोजता इतलो वेळ?" तेव्हा मान हलवून हसायचं फक्त, कारण उत्तर दिलं की आजी बोलायला लागणार आणि मोजणं गेलं. मोजून झालं की सांगून टाकायचं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता पूर्ण मिनिट का, तर इथे मॅडमनी फळ्यावर जे हिशोब करून दाखवलं ते मी आजही माझ्या विद्यार्थिनींना तसंच दाखवते. १५ सेकंद मोजून चारने गुणलं तर उत्तर १२, १६, २०, २४ असंच येणार, मधलं काही येऊच शकत नाही. एक श्वास इकडे तिकडे झाला की फरक चारचा. २० म्हणजे नॉर्मल, २४ म्हणजे लक्ष ठेवायला हवं, आणि या दोघांच्या मधे फक्त एका श्वासाची चूक! मोठ्या माणसाचा नॉर्मल १२ ते २०, म्हणजे सगळा खेळच इतक्या छोट्या जागेत आहे की चारच्या उड्या परवडत नाहीत. आणि मग मॅडम मिश्किल हसून म्हणाल्या, आता वॉर्डमधे जाऊन चार्ट बघा. आम्ही बघितले. एका चार्टवर १८, १८, २०, १८, १८, दुसऱ्या पेशंटचंही तेच, तिसऱ्याचंही. १५ सेकंदांत मोजून १८ येतच नाही, त्याहून जास्त वेळ मोजलं तरच येईल, आणि वीस जणांचा एकाच वेळी १८ यायला ते काय बँडपथक आहे का? कोणत्या वॉर्डात ते लिहीत नाही, हा प्रकार सगळीकडेच असतो, हे पुढे नोकरीत कळलं.

तर त्या दिवसांतली एक केस सांगते कारण ती सांगितल्याशिवाय हा कागद कळणार नाही. सर्जिकल वॉर्ड, वाळपईकडचे एक काका, साठीतले, आतड्याला भोक पडून पोटाचं इमर्जन्सी ऑपरेशन झालेलं, दुसरा दिवस. आमच्या बॅचमधली फोंड्याची मुलगी त्यांच्याकडे होती. रात्रीच्या चार्टवर नाडी ८८, श्वास १८, बीपी १३०/८०, सॅच्युरेशन ९७. नाकात प्राँग्ज, दोन लिटर ऑक्सिजन चालू. सगळं छान.

हिने कागदाप्रमाणे दारातूनच बघितलं, तर काका टेकून नव्हते बसले, पुढे वाकून दोन्ही हात खाटेवर रोवून बसले होते. नाव विचारलं तर नाव सांगितलं, मग थांबले, मग गाव सांगितलं. तीन चार शब्द आणि थांबणं. "म्हाका बरें दिसना" एवढंच दोनदा. तिने नाडी मोजली, १०४. मग हात न सोडता श्वास, पूर्ण मिनिट, २६ आले. परत मोजले, २६च. उथळ श्वास, गळ्याजवळचे स्नायू प्रत्येक वेळी ओढले जातायत. बीपी १२४/७८, ताप १००, सॅच्युरेशन ९६.

इथेच नवीन पोरगी फसते. सॅच्युरेशन ९६ आहे ना, मग श्वास जरा जास्त असला तर असू दे, घाबरले असतील. मॅडम तिथे आल्या आणि त्यांनी उलटा प्रश्न विचारला, ९६ कशामुळे आहे? एक तर ऑक्सिजन चालू आहे म्हणून, आणि दुसरं म्हणजे काका इतके जोरात श्वास घेतायत म्हणूनच तो आकडा टिकलाय. शरीर आधी मेहनत वाढवतं, आणि ती मेहनत पुरेनाशी झाली की मग आकडा पडतो. त्यात रक्तातला ऑक्सिजनचा दाब बराच उतरला तरी सॅच्युरेशन नव्वदीतच रेंगाळतं आणि ९० च्या खाली गेलं की धडाधड घसरतं. म्हणजे मशीन उशिरा सांगतं, छाती आधी सांगते.

कारणं पण मॅडमनी तिथेच हळू आवाजात सांगितली. पोटावर मोठा टाका असला की दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साचतो आणि फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, मग तिथे इन्फेक्शन. पोटातच परत काही गळत असेल तर त्यानेही श्वास वाढतो, रक्तात आम्ल साठलं की शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकायला बघतं. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली तरी असंच दिसू शकतं. यातलं कुठलं हे ठरवणं आपलं काम नाही, पण २६ आकडा, कसा बसलाय, किती शब्द बोलतोय आणि किती ऑक्सिजनवर ९६, हे चार एका दमात इंचार्ज सिस्टरला सांगणं हे आपलं काम. तिने सांगितलं, सिस्टरनी ड्युटी डॉक्टरला बोलावलं, उजव्या बाजूला खाली श्वासाचा आवाज कमी, एक्स-रेमधे तिथेच डाग. काकांना दुखण्याचं औषध वाढवून दिलं, अँटिबायोटिक बदललं, फिजिओवाल्या आल्या, पोटावर उशी धरून खोकायला शिकवलं. काही दिवसांनी काका चालत घरी गेले.

आता २०१७ पासून न्यूज टू नावाची जी पेशंट किती बिघडतोय त्याच्या स्कोअरिंगची पद्धत आहे, ब्रिटनमधली, तिच्यात हीच केस घालून मी मुलींना गणित करायला लावते. श्वास २५ किंवा जास्त, ३ गुण. ऑक्सिजन चालू आहे, २. नाडी ९१ ते ११० मधे, १. बाकी शून्य. एकूण ६, आणि ५ झाले की डॉक्टरला तातडीने बोलवायचं असतं. मग म्हणते, आता श्वासाच्या जागी रात्रीचा १८ लिहा. स्कोअर होतो ३. म्हणजे एका मनगटी घड्याळाच्या एका मिनिटाने अख्खा निर्णय फिरतो.

एक सांगायला हवं, हा आकडा दोन्ही बाजूंनी बघायचा असतो. मॉर्फिनसारखं औषध चालू असलेला पेशंट शांत झोपलाय, ऑक्सिजन लावलाय, सॅच्युरेशन ९८, सगळे खूश, आणि श्वास ८. अशा वेळी ऑक्सिजनमुळे आकडा सुंदर दिसतो पण कार्बन डायऑक्साइड आत साचत असतो, आणि हाक मारली तर डोळे अर्धवट उघडून परत मिटतात. म्हणून मॅडमची तिसरी ओळ, बोलतं कर, ही चौथीच्या आधी आहे, झोपलेल्याला उठवायला जीवावर येतं तरी. आणि ज्यांना जुना दम्यासारखा फुप्फुसाचा आजार आहे, कार्बन डायऑक्साइड साठायची सवय आहे, त्यांच्यातल्या काहींना डॉक्टर ८८ ते ९२ एवढंच सॅच्युरेशन ठरवून देतात, तिथे ९८ बघून टाळ्या वाजवायच्या नाहीत.

मी स्वतः आता क्लिनिकल पोस्टिंगला मुली घेऊन जाते तेव्हा तोच कागद देते, फक्त नवीन टाईप केलेला. दोन बदल केलेत, मॅडमना फोन करून विचारूनच. सॅच्युरेशनच्या ओळीत "किती ऑक्सिजनवर" हा रिकामा चौकोन घातला, तो भरल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. आणि त्याच ओळीखाली, बोट गार आहे का, गडद नेलपॉलिश किंवा मेंदी आहे का, मशीनवरची नाडी आणि हाताने मोजलेली नाडी जुळते का, कारण जुळत नसेल तर तो सॅच्युरेशनचा आकडा धरायचाच नाही, दुसरं बोट किंवा कान. मॅडम म्हणाल्या चौकोन चांगला आहे, पण कागद दुसऱ्या पानावर जाऊ देऊ नकोस. तसा तो मागच्या वर्षी जाणारच होता, लहान मुलांचे आकडे घालायचा मोह झाला होता, पण तान्ह्या बाळाचा श्वास पोटावर बघतात आणि नॉर्मलच ३० ते ६० असतो, ते सगळं वेगळं, म्हणून पिडियाट्रिक पोस्टिंगचा कागद वेगळा काढला. ज्यांना हवा असेल त्यांनी ग्रुपवर सांगा, दोन्हीचे फोटो टाकते.