आमची वाटचाल: बेतण्याआधीचं पाणी

दुकानाचं तिसरं वर्ष होतं. गिऱ्हाइकानं कापड दिलं की आम्ही माप घेऊन लगेच बेतायला घ्यायचो. अशात एका शिक्षिकाबाईंनी हातमागाच्या सुती कापडाचा कुर्ता-सलवारीचा जोड पाठवला. पिशवीत वहीच्या पानावर लिहिलेलं पत्र होतं.

"दादा, मागचा कुर्ता पहिल्याच धुण्यात आखूड झाला. कापड आटतं हे मला माहीत आहे, पण अस्तर तेवढं आटलं नाही, ते आता खालून दिसतं. या वेळी नुसता लांब शिवू नका, त्यानं काखेत काचणं थांबत नाही. कापड आणि अस्तर दोन्ही पाण्यातून काढा, मगच बेता. रंग जाईल का, ते आधी एका कोपऱ्यावर पाहा."

मागचा कुर्ता आम्हीच शिवला होता. पत्र वाचून मी कात्री खाली ठेवली.

मागावर सूत ताणून धरलेलं असतं. कापड भिजलं की तो ताण सुटतो आणि सूत आखडतं. उभा धागा जास्त ताणलेला असतो, म्हणून आटतं ते बहुतेक लांबीत, रुंदीत कमी. बाईंच्या कापडावर मी ५० सेंटीमीटरचा चौकोन दोऱ्यानं आखला, रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं, न पिळता सावलीत वाळवलं. उभ्या बाजूनं चौकोन ४७.५ भरला, आडव्या बाजूनं ४९. म्हणजे ४२ इंची कुर्ता दोन इंच आखूड झाला असता आणि ४० इंची छाती पाऊण इंच आवळली असती. अस्तरावर आखलेला तेवढाच चौकोन लांबीला जेमतेम एक सेंटीमीटर आटला. न भिजवता शिवलं असतं, तर धुतल्यावर अस्तर सव्वा इंच खाली लोंबलं असतं. बाईंची तक्रार हीच होती.

पण अडीच मीटरचं कापड बारा-साडेबारा सेंटीमीटर कमी झालं होतं. पूर्ण बाह्या बसेनात. बाईंना निरोप पाठवला, त्यांनी पाऊण बाहीला होकार दिला. तेव्हापासून सुती कापड विकत घेण्याआधीच आम्ही गिऱ्हाइकाला पाव मीटर जास्त घ्यायला सांगतो.

इस्त्रीबाबतही शिकलो. ओलसर कापड ओढून इस्त्री केली की आटलेलं पुन्हा ताणलं जातं आणि माप फसवं येतं. आता पूर्ण वाळल्यावर, न ओढता, इस्त्री दाबत नेतो. जाड हातमागाचं कापड दोनदा भिजवतो, कारण दुसऱ्या पाण्यातही ते थोडं आटतं. एवढं करूनही कडेच्या शिवणीत एक इंच माया ठेवतोच.

गडद रंगाचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहतो. डाग उमटला, तर ते कापड वेगळ्या बादलीत भिजतं. पावतीवर आता एक ओळ छापली आहे: "सुती कापड पाण्यातून काढायला दोन दिवस जास्त लागतील."