ठेकेदार, करारनामा आणि ताबा पावतीवरचं ते एक वाक्य

आमच्या घराच्या ठेकेदाराने ताबा पावतीवर सही करायला नकार दिला, त्याचा राग अजून गेलेला नाही. घर बांधून झालं, राहायला आलो, एक पावसाळाही काढला. पण कोणी विचारलं, की मी बाकीचं सगळं सोडून त्या पावतीचंच सांगत बसते.

प्लॉट आमचा, साताऱ्याजवळ. बाराशे चौरस फुटांचं तळमजल्याचं घर, मटेरियलसकट चौरस फुटाला दोन हजार, म्हणजे चोवीस लाखांचं काम. नवरा बदलीवर नागपूरला, त्यामुळे साइटवर मीच. प्लॅन, परवानगी, कर्ज हे सगळं रडतखडत पण झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

ठेकेदाराने आणलेला करारनामा दीड पानी होता. करारावेळी वीस टक्के, जोत्याला वीस, स्लॅबला पस्तीस, गिलाव्याला पंधरा, शेवटी दहा. म्हणजे स्लॅब पडला की त्याच्या हातात पंचाहत्तर टक्के. तेव्हा घरात भिंती नसतात, दारं-खिडक्या नसतात, फरशी-नळ-वायरिंग काही नसतं. घराचा निम्मा खर्च तर स्लॅबनंतरच असतो. स्लॅबपर्यंत धडाक्यात चाललेलं काम नंतर एकाएकी का मंदावतं, याचं उत्तर या टप्प्यांतच आहे. पुढच्या कामात सुटण्यासारखे पैसे उरलेले नसतात, मग माणसं दुसऱ्या साइटवर जातात.

माझा मामेभाऊ वकील आहे. त्याच्याकडून मी करार नव्याने लिहून घेतला. उचल पाच टक्के, जोतं पंधरा, स्लॅब पंचवीस, वीटकाम बारा, आतून-बाहेरून गिलावा पंधरा, फरशी आणि दारं-खिडक्या तेरा, रंग होऊन ताबा दहा. उरलेले पाच टक्के, म्हणजे एक लाख वीस हजार, ताब्यानंतर बारा महिन्यांनी. ठेकेदार म्हणाला, "वहिनी, एवढं कोणी लिहीत नाही हो." पण उचल मिळणार होती, त्याने सही केली.

इथेच एक सांगून टाकते, नाहीतर राहील. कर्ज देणाऱ्या बँकेचे टप्पे आणि करारातले टप्पे जुळवून घ्या. बँकेचा इंजिनिअर येऊन पाहणी करतो, त्यानंतर हप्ता सुटतो. करारात वीटकामाला पैसे आणि बँकेत थेट गिलाव्याला, असं झालं की मधली रक्कम आपल्याला उभी करावी लागते, आणि ठेकेदाराला काम थांबवायला आयतं कारण मिळतं.

आता उशिराचं कलम. त्याने आधी "रोज शंभर रुपये" असं लिहून आणलं होतं. माझी आई म्हणाली, रोज पाच हजार लिही, म्हणजे वठणीवर येईल. मामेभावाने दोन्ही खोडले. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारातला आकडा ही वरची मर्यादा असते. त्याच्या आत वाजवी ठरेल तेवढीच भरपाई मिळते. धाक दाखवायला लिहिलेला फुगवलेला आकडा टिकत नाही. म्हणून खरं नुकसान मांडलं. भाड्याच्या घराचे महिन्याला अकरा हजार आणि कर्जावरचं चालू व्याज साधारण साडेअकरा हजार, म्हणजे दिवसाला साडेसातशे. हाच आकडा लिहिला आणि कमाल मर्यादा कामाच्या रकमेच्या पाच टक्के ठेवली. हिशोब कसा केला तेही कलमातच लिहिलं. मुदत हा कराराचा मूळ भाग आहे, आणि भरपाई पुढच्या कोणत्याही देण्यातून वळती करता येईल, ही दोन वाक्यंही घातली.

काम १ नोव्हेंबर २०२२ ला सुरू झालं, मुदत ३१ ऑक्टोबर २०२३. स्लॅब वेळेत पडला, वीटकामही झालं. गणपतीनंतर गिलावा अर्धवट टाकून माणसं गायब झाली. फोन केला की "उद्या येतायत". कधी गवंडी गावाला गेलेला, कधी वाळू मिळत नाही, कधी त्याच्याच घरी कार्य. दिवाळी त्या भाड्याच्या दोन खोल्यांत गेली आणि माझा तोल सुटायला लागला. शेवटी फेब्रुवारीत रंग उरकला आणि त्याने निरोप पाठवला की १४ तारखेला किल्ली घ्या आणि ताब्याचा हप्ता द्या. वास्तुशांतीचा मुहूर्त आम्ही त्याच आठवड्यात धरला होता आणि ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

मी ताबा पावती तयार केली. त्यात एक वाक्य होतं: "मुदतीनंतर झालेल्या विलंबाची कराराप्रमाणे होणारी भरपाई मागण्याचा हक्क राखून ताबा घेत आहे." ते वाचून त्याने पेन खाली ठेवलं. "हे वाक्य काढा, नाहीतर किल्ली नाही." मी म्हटलं, घर माझ्या जागेवर आहे. तो म्हणाला, "मग कुलूप तोडा आणि वास्तुशांत करा." माझे सासरे मला बाजूला घेऊन म्हणाले, सोड ना, शुभकार्य आहे, नंतर बघू.

"नंतर बघू" यातच सगळी मेख आहे. त्याच करार कायद्याचं कलम ५५ सांगतं, की मुदत हा कराराचा मूळ भाग असताना तुम्ही उशिरा झालेलं काम स्वीकारलंत, तर उशिराची भरपाई मागता येत नाही. अपवाद एकच, स्वीकारताना तसा इरादा समोरच्याला कळवलेला असेल तर. ताबा घेताना गप्प राहून वास्तुशांत उरकली आणि महिन्याभराने पत्र पाठवलं, तर समोरचा वकील पहिला हाच मुद्दा काढणार. बांधकामाचे करार करणाऱ्या कितीजणांना हे माहीत असतं? पैसे कापायचं कलम असतं, पण ते जिवंत ठेवायला ताब्याच्या दिवशी तोंड उघडावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

रात्री मामेभावाला फोन लावला, रडकुंडीला आले होते. तो हसला. म्हणाला, त्याची सही कशाला हवी? कळवायचं तुला आहे, कबूल करायचं त्याला नाही. तेच वाक्य वेगळ्या पत्रात लिही, तारीख घाल, ताब्याआधी रजिस्टर्ड एडीने पाठव आणि त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाक. दुसऱ्या दिवशी मी पोस्टात गेले, पावती घेतली, फोटो पाठवला, दोन निळ्या खुणा दिसल्या. मग साधी पावती केली, नुसतं "किल्ली मिळाली", आणि त्यावर त्याची मुकाट सही घेतली. शिवाय "विलंबाबाबत वेगळं पत्र दिलं आहे" एवढं माझ्या सहीखाली लिहिलं. माझ्या सहीखाली काय लिहायचं ते मी ठरवणार! त्या क्षणी जे समाधान वाटलं ते गृहप्रवेशालाही वाटलं नसेल.

मग हप्त्याचा हिशोब. ३१ ऑक्टोबर ते १४ फेब्रुवारी, म्हणजे १०६ दिवस. कुंपणाची भिंत मी मागाहून वाढवून घेतली होती आणि ओटाही बदलला होता. त्याचे २१ दिवस मी स्वतःहून वजा केले. हे करायलाच हवं, नाहीतर आपण वाढवलेलं काम पुढे करून तो सगळाच उशीर झटकतो. उरले ८५ दिवस, साडेसातशेने ६३,७५० रुपये. दोन लाख चाळीस हजारांच्या हप्त्यातून तेवढे कापून बाकी लगेच बँकेतून पाठवले आणि हिशोबाचा कागद सोबत जोडला.

तो घरी आला, आवाज चढवला. पाऊस होता म्हणाला, मजूर नव्हते म्हणाला. तेव्हा मी वही काढली. साइटवर मीटरच्या पेटीशेजारी खिळ्याला एक शंभर पानी वही टांगलेली होती. त्यात रोज तारीख, गवंडी किती, बिगारी किती, काय काम झालं, पाऊस होता का, एवढंच. खाली त्याच्याच मिस्त्रीची सही. ऑक्टोबरची पानं उघडली. "गवंडी ०, बिगारी १, पाणी मारले, पाऊस नाही." पुढच्या पानावर पुन्हा तेच. तो बराच वेळ पानं उलटत राहिला, मिस्त्रीला दोन शिव्या दिल्या आणि चहा न घेता गेला. कोणाला वही ठेवायचा कंटाळा येत असेल, तर भरपाईचं कलम लिहायचे कष्टही घेऊ नयेत.

महारेराकडे जा, असं मला चार जणांनी सांगितलं. ते बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे, स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधलेल्या घराला लागू होत नाही. आपला रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा. पन्नास लाखांपर्यंतचं काम तिथे चालतं आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. मला जावं लागलं नाही, कारण पाच टक्के अजून माझ्याकडे होते.

त्या पाच टक्क्यांनी जूनमध्ये काम केलं. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीवर, बीमच्या बरोबर खाली, आडवी सरळ चीर दिसली आणि पहिल्या मोठ्या पावसात तिथून ओल उतरली. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतात त्या बहुधा पाणी कमी मारल्याच्या, आणि त्या वरवरच्या. ही तशी नव्हती. काँक्रीट आणि वीटकाम जिथे भेटतं तिथे गिलाव्याआधी कोंबडी जाळी ठोकायची असते, नाहीतर दोन्ही वेगवेगळे हलतात आणि सांधा उघडतो. नाण्याने ठोकलं तर पोकळ आवाज आला. दुरुस्तीवाल्याने गिलावा फोडला, आत जाळी नव्हतीच.

करारात लिहिलं होतं, की हमीकाळात दोष लेखी कळवल्यावर पंधरा दिवसांत दुरुस्त न केल्यास आम्ही दुसऱ्याकडून करून घेऊ आणि खर्च राखलेल्या रकमेतून वळता करू. फोटो आणि दुरुस्तीवाल्याचं अठरा हजारांचं अंदाजपत्रक जोडून पत्र पाठवलं. मुदत संपायच्या आत त्याची माणसं परांची घेऊन हजर. सांध्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच गिलावा काढला, जाळी मारली, नवा गिलावा केला आणि आठवडाभर पाणी मारलं. पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली.

हमीकाळ मोजताना एक बघा, त्यात एक अख्खा पावसाळा यायला हवा. सहा महिन्यांची हमी आणि ताबा ऑक्टोबरमध्ये, तर ती हमी कोरडीच संपते. आणि बीम-कॉलमच्या दोषांसाठी मी वेगळी पाच वर्षं लिहून घेतली होती. बिल्डरांना रेरात पाच वर्षं लागू आहेत, तेच करारात आणायला त्याने फारशी खळखळ केली नाही.

पुढच्या फेब्रुवारीत त्याने फोन केला. "वहिनी, आज बारा महिने झाले." मी त्याच संध्याकाळी एक लाख वीस हजार पाठवले आणि हिशोब पूर्ण झाल्याची पावती मागितली. ती मात्र त्याने लगेच सही करून पाठवली.