शाळूची उकड : विरी गेलेल्या पिठाचं काय करायचं, अपडेट

मंडळी, शेवटी गाडी रुळावर आली. महिनाभर डब्यात पडलेलं शाळूचं पीठ, विरी म्हणजे चिकटपणा पार गेलेला, थापायला घेतलं की काठ फाटायचे आणि तव्यावर टाकताना भाकरीचे दोन तुकडे. आता त्याच पिठाच्या भाकऱ्या टम्म फुगतायत. आई म्हणाली "आधीच उकड काढली असतीस तर", असो.

शाळू म्हणजे ज्वारीच, तिच्यात गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळं कितीही मळा, गार पाण्यात तार येत नाही. चिकटपणा आणायचा तर पिठातला स्टार्च गरम पाण्यात फुगायला लागतो, साधारण ७० डिग्रीच्या पुढं. ताजं पीठ असेल तर परातीत आळं करून कडक पाणी ओतलं तरी भागतं, जुन्याला मात्र गॅसवर शिजवणंच बरं.

माझं माप, एकाच वाटीनं आणि सपाट: दोन वाट्या पीठ, पावणेदोन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. ताज्या पिठाला दीड वाटी पुरते. पाणी खळखळलं की लगेच गॅस बारीक करून पीठ टाकायचं, उकळत ठेवून पीठ शोधत बसलात तर वाफेनं पाणी कमी होतं आणि मापाचा बट्ट्याबोळ. पीठ टाकल्या टाकल्या ढवळू नका, ढीग तसाच राहू दे, लाटण्याच्या टोकानं दोन-तीन भोकं पाडा म्हणजे पाणी वर बुडबुडत येतं, मिनिटभरानं त्याच लाटण्यानं तळापासून जोरात घोटा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की झाकण, दोन मिनिटं मंद आचेवर, मग गॅस बंद करून दहा मिनिटं झाकण उघडायचं नाही. ही दहा मिनिटं खाल्लीत तर आत पांढरे कोरडे कण राहतात, मळताना बोटांना रवाळ लागतात आणि भाकरी बरोबर तिथंच चिरते.

परातीत काढून गरम असतानाच मळायचं, हात पोळतो म्हणून आधी वाटीच्या बुडानं रगडा, मग पाण्याचा हबका मारत तळहातानं. लिंबाएवढा गोळा दाबून बघा: कडेला भेगा पडल्या तर अजून हबका, बोटाला चिकटून चकाकत असेल तर पाणी जास्त झालंय, थोडं कोरडं पीठ मळून घ्या, नाहीतर भाकरी चिवट होते आणि फुगत नाही. एवढ्यात माझ्या चार भाकऱ्या होतात.

नाचणीला हेच माप लावलं तर गोळा घट्ट झाला, ती पाणी जास्त पिते. आता वाटीला वाटी पाणी घेतोय, आणि गुठळ्या लवकर धरते म्हणून दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडतो, बाकीचं मागनं.