रत्नागिरीच्या आधी बोगदा लागतो

"तुम्ही गाडीत बसून मेल करता म्हणता, पण कोकणात रेंज कुठे असते? आणि तो मेल नंतर खरंच आपोआप जातो का?"

जातो. पण ज्या यंत्रात तो अडकलाय, ते यंत्र जागं असेल तरच. हे मला अंगाशी आल्यावर कळलं.

मी भाषांतरं करते आणि महिन्यातून एकदा तरी ठाण्याहून कुडाळला जाते. एकदा खेडच्या आसपास लॅपटॉपवर एका गिऱ्हाइकाला मसुदा जोडून मेल लिहिला, सेंड दाबलं. नेट नव्हतं, तरी जीमेलने काही कुरकुर न करता मेल घेतला. मी समजले, काम झालं. झाकण मिटलं आणि झोपले. रत्नागिरीला फोनला छान रेंज आली असणार, पण लॅपटॉप बंद! दुसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाइकाचा फोन आला. लॅपटॉप उघडला तर मेल Outbox मध्ये शांत बसलेला. हॉटस्पॉट जोडताच अर्ध्या मिनिटात निघून गेला.

म्हणजे नेट नसताना मेल सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो, तो तुमच्याच यंत्रात असतो. फोनवर त्याच्यापुढे Queued असं दिसतं, लॅपटॉपवर तो Outbox मध्ये सापडतो. Sent मध्ये दिसेपर्यंत तो गेला असं धरू नका. लॅपटॉपवर क्रोम आणि जीमेल उघडं राहायला हवं. फोनवर जीमेलच्या सेटिंगमधलं Sync Gmail बंद असेल, तर रेंज येऊनही मेल तिथेच राहू शकतो.

लॅपटॉपवर ही सोय घरीच, नेट असताना, चालू करून ठेवावी लागते. क्रोममध्ये जीमेल उघडायचं, See all settings, मग Offline, तिथे Enable offline mail. किती दिवसांचे मेल उतरवून ठेवायचे ते विचारतं: ७, ३० किंवा ९०. मी ३० ठेवते. जोडलेल्या फाइलीही हव्या असतील तर त्याची वेगळी खूण करावी लागते. ती विसरलात तर गाडीत मेल वाचता येतो, पण त्यातली पीडीएफ उघडत नाही. इन्कॉग्निटो खिडकीत यातलं काही चालत नाही.

आता खरी गोची. अजिबात रेंज नसणं परवडलं, अर्धवट रेंज वाईट. चिपळूणच्या पुढे बोगद्यांची माळ लागते आणि उक्षी-भोके दरम्यानचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. गाडी ताशी ८०च्या वेगाने गेली तरी पाच मिनिटं अंधार. बाहेर आलं की दोन दांड्या दिसतात, मेल "जातोय" म्हणतो, आणि पुढचा बोगदा येतो.

माझा तो मसुदा ११ एमबीचा होता. मेलने पाठवताना फाइल अक्षरांत रूपांतरित होते आणि साधारण एक-तृतीयांशाने फुगते, म्हणजे जवळपास १५ एमबी. चढत्या दिशेला सेकंदाला ३२ केबी मिळाले, जे तिथे बरेच म्हणायचे, तर आठेक मिनिटं लागतात. दोन बोगद्यांमध्ये एवढा सलग वेळ कुठला? तुटलं की बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरुवात. तीच पीडीएफ दाबून एक एमबीची केली तर पाऊण मिनिटात जाते. नुसता मजकूर काही केबींचा, तो एखाद्या सेकंदात निसटतो. म्हणून मी आता मजकूर आधी पाठवते आणि "फाइल रत्नागिरीहून पाठवते" असं लिहिते.

हो, आणि मेल दोनदा गेला अशी तक्रार येते, तीही इथूनच. थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये मेल पूर्ण पोचला की सर्व्हर उलट 250 असा आकडा पाठवतो, त्याचा अर्थ "मिळालं". मेल पोचला, पण ही पोच परत येताना बोगद्यात हरवली, तर प्रोग्रॅमला वाटतं गेलाच नाही. तो पुन्हा पाठवतो. १९८८ पासून हा घोटाळा लेखी नोंदलेला आहे, माझ्या मेहुण्याला मात्र तो माझाच गोंधळ वाटतो.

रांगेतल्या मेलमध्ये एक पथ्य मी पाळते. "दहा मिनिटांत फोन करते" असं लिहीत नाही. वाचणाऱ्याच्या हातात तो कधी पडेल कोण जाणे. मी "सहा वाजता, कुडाळला उतरल्यावर" असं लिहिते. आणि रत्नागिरीला गाडी थांबली की चहाआधी Outbox उघडून बघते.