सोयाबीनच्या राशीचे वजन काट्याविना काढताना

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामात गेल्या हंगामातील सोयाबीन कट्ट्यांत न भरता जमिनीवरच मोकळे ओतून ठेवले होते. तारण कर्जासाठी बँकेने साठ्याचे विवरण मागितले आणि तपासनीस चार दिवसांनी येणार असल्याचे कळवले. आवक पावत्यांची बेरीज ३०२ क्विंटल होती. परंतु नोंदवहीतला आकडा आणि डोळ्यांसमोरचा माल जुळतो का, हे मलाच एकदा पाहायचे होते. संपूर्ण रास कट्ट्यांत भरून काट्यावर न्यायची तर हमाली आणि दोन दिवस दोन्ही वाया गेले असते, म्हणून मोजमाप घेऊन वजन काढायचे ठरवले.

पहिला हिशेब मी घाईत केला. रास लांबट होती, मधे कणा आणि दोन्ही टोकांना गोलाकार उतार. टेपने लांबी १२.४ मीटर, रुंदी ६.४ मीटर आणि कण्याची उंची १.५ मीटर भरली. तिन्हींचा गुणाकार करून, वर निमुळती आहे म्हणून निम्मा धरला, आणि एका छापील तक्त्यातील घनमीटरला ०.७७ टन हा आकडा लावला. उत्तर ४५.८ टन आले, म्हणजे ४५८ क्विंटल. साठा कमी भरला असता तर चोरीचा संशय आला असता. इथे दीडशे क्विंटलपेक्षा अधिक माल जास्त निघत होता. अध्यक्षांनी कागद पाहून एवढेच विचारले, "मग हा वरचा माल कुणाचा म्हणायचा?"

त्या रात्री हिशेब पुन्हा मांडला, तेव्हा पहिली चूक आकारात सापडली. गुणाकाराचा निम्मा हा नियम राशीच्या फक्त मधल्या भागाला, म्हणजे छपरासारख्या त्रिकोणी भागाला लागू पडतो. दोन्ही टोके अर्धे-अर्धे शंकू असतात आणि ती जोडली की एक पूर्ण शंकू होतो, ज्याचे घनफळ तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची भागिले तीन एवढेच असते. एकूण लांबीतून रुंदी वजा केली की मधल्या भागाची लांबी मिळते. आमच्या राशीत ती ६ मीटर होती. मधल्या भागाचे २८.८ आणि शंकूचे १६.१ असे मिळून सुमारे ४४.९ घनमीटर झाले, आणि वजन ४५८ वरून ३४६ क्विंटलवर उतरले. नुसत्या आकाराने ११२ क्विंटलचा फरक पडला होता.

दुसरी चूक जमिनीजवळ होती आणि तीच मला सर्वांत शिकवून गेली. राशीच्या पायथ्याशी दाणे घरंगळत जाऊन एक-दोन दाण्यांचा पातळ थर पसरतो, आणि मी टेप शेवटच्या दाण्यापर्यंत ताणली होती. सकाळी पुन्हा जाऊन खरा उतार जिथे जमिनीला मिळतो तिथे खडूने खुणा केल्या आणि रुंदी तीन ठिकाणी मोजली, ती ५.९, ६.१ आणि ६ मीटर भरली. प्रत्येक बाजूला सुमारे २० सेंटीमीटर नुसती पसरण होती. ६ मीटर रुंदी आणि १२ मीटर लांबी घेतल्यावर घनफळ ४१.१ घनमीटर आले. शंकूत त्रिज्येचा वर्ग असल्यामुळे पायथ्याची चूक तिथे दुप्पट प्रमाणात मोजली जाते. याउलट कण्याचा माथा थोडा बोथट असला तरी फारसे बिघडत नाही, कारण त्रिकोणाच्या उंचीचा वरचा दहावा भाग छाटला तरी क्षेत्रफळ एका टक्क्यानेच घटते.

उंची मोजण्यासाठी राशीवर चढणे टाळले, कारण माणूस चढला की कणा खाली बसतो. एक लांब सरळ बांबू कण्यावर हलकेच टेकवला, त्याचे दुसरे टोक पायथ्याबाहेर उभ्या असलेल्या हमालाने धरले, गवंड्याकडून आणलेली पाणसळ ठेवून तो समपातळीत आणला आणि त्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडली. तीन ठिकाणी १.५५, १.४५ आणि १.५० मीटर आले. आधी मी उतारावर टेप टाकून उंची काढणार होतो. पण उतार इतका सपाट असतो की त्या लांबीत ५ सेंटीमीटर चुकले की उंचीत सुमारे ११ सेंटीमीटर चूक होते. ३ मीटरला १.५ मीटर चढ म्हणजे सुमारे साडेसव्वीस अंशांचा कोन, आणि कोरडे सोयाबीन साधारण पंचवीस ते एकोणतीस अंशांवर स्थिरावते, त्यामुळे माप विश्वासार्ह वाटले. मात्र या पडताळणीने पायथ्याची चूक उघड झाली नसती, कारण आधीच्या चुकीच्या मापांनीही कोन पंचवीस अंशच येत होता.

राहिला घनमीटरमागे वजनाचा आकडा. तक्त्यातील ०.७७ हा अमेरिकेतील बुशेलमागे ६० पौंड या व्यापारी प्रघातावरून येतो. आमच्या गोदामातील मालाशी त्याचा संबंध नव्हता. रंगाची २० लिटरची रिकामी बादली घेतली, ती आधी काठोकाठ पाण्याने भरून तोलली, तेव्हा पाणी २१.५ किलो भरले. लेबलवरची क्षमता काठापर्यंतची नसते. बादली पुसून कोरडी केली आणि राशीच्या पाच ठिकाणांहून, कण्याजवळून, उताराच्या मधून आणि पायथ्यापासून, सोयाबीन न दाबता, न हलवता ओतले आणि सपाट फळीने काठाबरोबर केले. बारीक कचरा ओतण्याच्या जागेखालीच साचतो आणि मोठे दाणे कडेला घरंगळतात, म्हणून एकाच जागेचा नमुना पुरत नाही. वजने १५.३, १५.६, १५.५, १५.४ आणि १५.६ किलो, सरासरी १५.४८, म्हणजे घनमीटरला ०.७२ टन. बादली २० लिटरचीच मानली असती तर आकडा ०.७७४ आला असता आणि तक्ता बरोबर असल्याची माझी खात्रीच पटली असती. बादली एकदा आपटून पाहिली तर तीत १६.३ किलो मावले. उंच सायलोत वरच्या धान्याच्या भाराने खालचे दाबले जाते आणि तिथे ही वाढ धरावीच लागते, पण दीड मीटरच्या राशीत ती नगण्य.

४१.१ गुणिले ०.७२ म्हणजे २९.६ टन, २९६ क्विंटल. नोंदवहीपेक्षा हे सहा क्विंटल कमी होते. पण आवकेच्या वेळी पावत्यांवर ओलावा सरासरी १३ टक्के होता आणि आता मीटर १० दाखवत होता. दाण्यातील कोरडा भाग तोच राहतो, म्हणून ३०२ ला ८७ ने गुणून ९० ने भागले असता २९२ क्विंटल येतात. मोजमाप आणि घट धरलेली नोंद यांत चार क्विंटलचे अंतर उरले. विवरणात मी २९२ लिहिले आणि मोजमापाचे कागद सोबत जोडले.

तीन आठवड्यांनी माल विकला, तेव्हा वजनकाट्यावर २८९ क्विंटल ४० किलो भरले. गोदाम झाडल्यावर माती मिसळलेले आणखी ९० किलो निघाले.