शेगडीची नोंदवही: तंगडीची चरबी निखाऱ्यावर पडू द्यायची नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील शेतावर 200 लिटरचा जुना ड्रम उभा चिरून केलेली एक शेगडी आहे. यंदाच्या हिवाळ्यात तिच्यावर कोंबडीच्या तंगड्या भाजण्याच्या पाच फेऱ्या झाल्या. मागील वर्षीच्या नोंदींत मसाला आणि चव एवढेच होते. या वर्षी मी एकच प्रश्न धरला: भाजताना मांसावर जे कर्करोगाशी संबंधित पदार्थ तयार होतात, ते शेगडीची मांडणी बदलून किती टाळता येतील? भाजणे सोडायचे नव्हते आणि चव घालवायचीही नव्हती.

प्रयोगांच्या आधी दोन गोष्टी वेगळ्या करून समजून घ्याव्या लागल्या, कारण त्यांच्यावरचे उपायही वेगवेगळे आहेत. पहिला गट पॉलिसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचा, म्हणजे पीएएचचा. त्यांतील बेन्झोपायरीन हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने (आयएआरसीने) पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवले आहे. चरबी लाल निखाऱ्यावर टपकली की ती पुरती जळत नाही, अर्धवट जळते, आणि त्या धुरातून हे पदार्थ वर चढून मांसाच्या पृष्ठभागावर बसतात. म्हणजे ते मांसातून निघत नाहीत, खालून येतात. दुसरा गट हेटेरोसायक्लिक अमाइनांचा, म्हणजे एचसीएचा. मांसातील क्रिएटिन, अमिनो आम्ले आणि थोडी साखर यांचा उच्च तापमानावर संयोग होऊन ते मांसातच तयार होतात, आणि पृष्ठभाग 200 अंशांच्या आसपास किंवा वर गेला की त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. जपानमध्ये ताकाशी सुगिमुरा यांनी 1970 च्या दशकात भाजलेल्या माशाच्या काळ्या पापुद्र्याची व धुराची जिवाणूंवर चाचणी घेतली आणि त्यात जनुकांत बदल घडवणारे पदार्थ आढळले, तेथून या दुसऱ्या गटाचा शोध सुरू झाला.

प्राण्यांवरील प्रयोगांत दोन्ही गटांचे दुष्परिणाम स्पष्ट दिसले आहेत. ते डोस मात्र माणसाच्या ताटात येणाऱ्या प्रमाणाहून कितीतरी मोठे होते आणि माणसांवरील अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. म्हणून महिन्यातून दोनदा भाजणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, पण शेगडीपाशी बसून रोज धूर खाणाऱ्याने हे वाचावे.

नोव्हेंबर, पहिली फेरी

ही फेरी नेहमीच्याच पद्धतीने केली, म्हणजे पुढच्या फेऱ्यांशी तुलना करता यावी. बाभळीचा कोळसा ड्रमच्या पूर्ण तळावर पसरला, जाळी निखाऱ्यांच्या 20 सेंटिमीटर वर ठेवली आणि कातडीसकट 8 तंगड्या (वजन 1 किलो 700 ग्रॅम) तेल-तिखट लावून मांडल्या. 38 मिनिटांत तंगड्या झाल्या, पण तेवढ्या वेळात नऊ वेळा ज्वाळा उसळल्या. प्रत्येक वेळी जाळीवर पिवळी जीभ यायची, मागोमाग तेलकट निळसर धूर, आणि मी पाण्याचा हबका मारायचो. हबक्याने ज्वाळा विझत होत्या, पण राखेचा फवारा तंगड्यांवर बसत होता.

पीएएच मोजण्याचे साधन माझ्याकडे नाही आणि ते प्रयोगशाळेशिवाय मोजताही येत नाही. म्हणून मी दोन गावठी खुणा ठरवल्या. पहिली ज्वाळांची संख्या. दुसरी म्हणजे स्टीलचे स्वच्छ ताट जाळीवर एक मिनिट उपडे धरायचे आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसायचे. या फेरीत फडक्यावर चिकट काळा पट्टा उमटला. हे मोजमाप नव्हे, कारण बेन्झोपायरीन डोळ्यांना दिसत नाही. पण काजळी आणि ते पदार्थ एकाच अर्धवट जळण्यातून येतात, तेव्हा पट्टा जितका गडद तितकी शेगडी वाईट, एवढे अनुमान मला पुरेसे वाटले.

नोव्हेंबर, दुसरी फेरी

निखारे ड्रमच्या दोन्ही टोकांना ओढले आणि मधला भाग मोकळा ठेवला. तेथे जाळीखाली ॲल्युमिनियमचा पसरट ट्रे ठेवून त्यात दोन पेले पाणी ओतले आणि तंगड्या बरोबर ट्रेच्या वर आल्या. उरलेल्या अर्ध्या ड्रमचे झाकण वर ठेवले, पण हवेसाठी एका बाजूने बोटभर फट राखली. टपकणारी चरबी आता पाण्यात पडू लागली आणि पाऊण तास एकही ज्वाळा आली नाही.

पुढे दोन चुका झाल्या. चाळीस मिनिटांनी पाणी आटून गेले आणि ट्रेमधली चरबीच तळायला लागली, मग तिलाही धूर सुटला. म्हणजे ज्या गोष्टीसाठी ट्रे ठेवला, तीच ट्रेने केली. दुसरी चूक अशी की बाहेरून सोनेरी दिसणाऱ्या तंगडीत हाडाजवळ थर्मामीटर घातला तेव्हा 61 अंश निघाले. कोंबडी आतून 74 अंशांपर्यंत शिजली पाहिजे. त्या तंगड्या पुन्हा निखाऱ्यांवर सरकवाव्या लागल्या आणि शेवटी ज्वाळा आल्याच.

डिसेंबर, तिसरी फेरी

या फेरीने खरा बदल घडवला. तंगड्या आधी वाफवायच्या, असे ठरले. मोदकपात्रात 15 मिनिटे वाफवल्यावर खालच्या भांड्यात सुमारे 180 मिलिलिटर रस साचला आणि निवल्यावर वर चरबीचा जाडसर थर जमला. तो काढून तोलला तेव्हा 30 ग्रॅम भरला. एवढी चरबी निखाऱ्यांवर पडायची टळली, हा पहिला लाभ. दुसरा लाभ एचसीएच्या बाजूचा आहे. रसात क्रिएटिन उतरते, म्हणून मांसात त्यांचा कच्चा माल कमी राहतो. अमेरिकेत 1990 च्या दशकात गोमांसाच्या टिक्क्या मायक्रोवेव्हमध्ये थोडा वेळ ठेवून, सुटलेला रस काढून टाकून, मग तळण्याचे प्रयोग झाले होते. त्यांत एचसीए 90 टक्क्यांपर्यंत घटले. आमची वाफ मायक्रोवेव्ह नव्हे आणि कोंबडी गोमांस नव्हे, त्यामुळे तोच आकडा माझ्या तंगड्यांना लावण्याचा आग्रह मी धरणार नाही. तत्त्व मात्र तेच आहे.

रस ओतून देण्यासाठी मी भांडे उचलले तेव्हा शेजारच्या वहिनींनी हटकले, "भाऊ, हे पाणी काहून फेकता जी? रश्शात टाका ना." त्यांचे बरोबर होते. रश्शाचे उकळते पाणी 100 अंशांच्या आसपासच राहते, त्यात एचसीए फारसे तयार होत नाहीत. तोच रस ब्रशने पुन्हा तंगडीवर लावून भाजला असता तर काढलेला कच्चा माल परत निखाऱ्यांवर नेल्यासारखे झाले असते. म्हणून तो रश्शात गेला.

वाफवलेल्या तंगड्यांना दही, लसूण, हळद आणि लिंबू लावून अर्धा तास ठेवले, तेल मात्र फक्त दोन चमचे घातले. लसूण-कांद्यासारख्या घटकांनी एचसीए कमी होतात असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. ओलसर लेपामुळे पृष्ठभाग लवकर कोरडा होऊन करपत नाही, हे तर शेगडीवर उघड दिसते. तेलाचा हात सैल सोडला की तेच टपकते, हा मुद्दा मी पहिल्या फेरीत विसरलो होतो. गूळ किंवा मध घालायचा असेल तर तो शेवटच्या दोन मिनिटांत लावावा, कारण तो आधी काळा पडतो आणि मांस शिजण्याची वाट पाहत नाही.

आधीच शिजलेल्या तंगड्यांना शेगडीवर फक्त 18 मिनिटे लागली. पाणी आटू न देता तेवढ्यात एकदाच पेलाभर वाढवले. दर मिनिटाला चिमट्याने उलटत राहिलो, कारण एकच बाजू निखाऱ्यांसमोर राहिली तर तिचे तापमान चढत जाते. ज्वाळा शून्य. फडक्यावर फिकट तपकिरी डाग, पट्टा नाही.

गावरान कोंबडीसाठी ही पद्धत अधिकच सोयीची ठरते, कारण ती एरवीही शिजवून घेतल्याशिवाय चावत नाही. तिच्यात चरबी कमी असते, तेव्हा ट्रेमध्येही फारसे काही साचत नाही.

डिसेंबर, चौथी फेरी: जळणाचा भाग

एकदा घाईत कोळशाबरोबर पऱ्हाट्या टाकल्या आणि पेट घ्यायला रॉकेलही ओतले. दहा मिनिटांत ताटाचे फडके पहिल्या फेरीसारखेच काळे झाले, तेही तंगड्या मांडण्याआधीच! चरबी नसतानाही जळणाचा धूर पुरेसा असतो, हे तेव्हा ध्यानात आले. आता कोळसा पेटवल्यापासून अर्धा तास थांबतो, वरून राखेची पांढरी साय येईपर्यंत काही मांडत नाही. तळहात जाळीपासून वीतभर उंच धरून पाच मोजता येतील इतकीच आच असावी. दोनच मोजता आले तर निखारे बाजूला सारतो.

याच शेगडीत वांगेही भाजतो. वांग्यात क्रिएटिन नाही, चरबी टपकत नाही आणि काळी साल आपण टाकूनच देतो, त्यामुळे त्याला हा त्रास बराच कमी. रोडग्यांचा विषय निराळा आहे. तेथे करपलेल्या पिठात ॲक्रिलामाइड हा कर्करोगाचा संशय असलेला आणखी एक पदार्थ तयार होतो, म्हणून गोवऱ्यांचा धूर ओसरून आर झाल्यावरच रोडगे घालावेत आणि काळे झालेले पापुद्रे सुरीने खरवडावेत. आमच्याकडील जुनी माणसेही जाळ पूर्ण बसल्याशिवाय रोडगे घालत नसत.

जानेवारी, पाचवी फेरी

तिसऱ्या फेरीची कृती जशीच्या तशी केली, फक्त कुरकुरीत कातडीसाठी शेवटची तीन मिनिटे तंगड्या निखाऱ्यांच्या सरळ वर ठेवल्या. या तीन मिनिटांत दोन ज्वाळा आल्या. पाहुण्यांना कुरकुरीत कातडी आवडली, हे नाकारता येणार नाही. पुढच्या वेळी वाफवण्याआधी कातडीला सुरीने चिरे देऊन तिच्याखालची चरबी आणखी उतरते का, ते पाहायचे आहे, आणि तरीही ज्वाळा आल्याच तर त्या तीन मिनिटांसाठी कातडी काढूनच भाजेन. ट्रे धुताना त्यातली चरबी निवू देऊन खरवडली तेव्हा ती 22 ग्रॅम भरली. पहिल्या फेरीत एवढी आणि वाफेत निघालेली, अशी सगळीच चरबी निखाऱ्यांवर गेली असणार.